टोकियोचं वीजबिल: काळा त्रिकोण, तीन पायऱ्या आणि गायब महिन्याचं रीडिंग

प्रश्न: मुलगी टोकियोत नोकरी करते, सप्टेंबरपासून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिनं विजेच्या दोन बिलांचे फोटो पाठवले. नोव्हेंबरचं बिल ६,८९९ येन आणि जानेवारीचं १४,५८२ येन, म्हणजे दोन महिन्यांत दुप्पट! मला जपानी येत नाही, पण आकडे कळतात. जानेवारीच्या बिलातल्या सगळ्या रकमा मिळवल्या तर २०,५१५ येतात, १४,५८२ नाही. एका रकमेआधी वर टोक असलेला काळा त्रिकोण आहे, म्हणजे दर वाढवलाय का? तिसऱ्या स्लॅबमध्ये गेल्यामुळे सगळेच युनिट महागले का? की मीटरच बिघडलाय?

उत्तर:

आधी तुमच्या बेरजेकडे बघू, कारण त्रिकोणाचं उत्तर तिच्यातच आहे. २०,५१५ मधून १४,५८२ वजा केले की ५,९३३ उरतात. त्याचे निम्मे करा, २,९६६ येतात. आणि त्रिकोणापुढे छापलेली रक्कम आहे २,९६६.४०. जमाखर्च लिहिलेल्या माणसाला ही खूण ओळखीची असते: फरक एखाद्या रकमेच्या बरोबर दुप्पट आला, की ती रक्कम जमेऐवजी नावे पडलेली असते. जपानी हिशोबात ▲ हे चिन्ह उणे दाखवतं. टोक वर असलं तरी अर्थ 'वजा' असाच. म्हणजे ते २,९६६ येन मुलीला सोडलेले आहेत, तुम्ही ते तिच्या माथी मारलेत. मी टोकियोत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात हीच चूक केली होती, आणि तेही महाराष्ट्रात बारा वर्षं वीजबिलांच्या तक्रारी तपासून आल्यावर.

त्या ओळीवर 燃料費調整額 असं छापलेलं असतं. आपल्या महावितरणच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' असतो ना, शब्दशः तेच. जपान कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि कोळसा जवळजवळ सगळा बाहेरून आणतो. वीजदर ठरवताना इंधनाची एक पायाभूत किंमत धरलेली असते. तीन महिन्यांच्या आयातीची सरासरी त्या पायाच्या वर गेली तर ही ओळ अधिक होते, खाली आली तर उणे, आणि तो परिणाम काही महिने उशिरा बिलात उतरतो. तुमच्या बिलात २,९६६.४० भागिले ४१२ युनिट केलं तर दर निघतो युनिटमागे ७ येन २० सेनची सूट; सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग. नोव्हेंबरच्या बिलात हीच ओळ १,४७० ची आहे आणि युनिट १९६, म्हणजे ७ येन ५० सेन. हा दर दर महिन्याला नव्यानं जाहीर होतो, त्यामुळे दोन बिलांत तो वेगळा असण्यात काही चुकीचं नाही.

या ओळीत आणखी एक गोष्ट लपलेली असते. सरकार अधूनमधून काही महिन्यांपुरती वीजबिलात सवलत देतं, आणि ती बऱ्याचदा याच दरात मिसळून दिली जाते. सवलतीचे महिने संपले की त्रिकोणापुढचा आकडा एकदम लहान होतो, आणि युनिट तेवढेच असूनही बिल चढतं. म्हणून पुढच्या बिलात रक्कम वाढलेली दिसली तर आधी ही ओळ युनिटनं भागून बघा आणि मगच वापराकडे वळा.

आता स्लॅब. तिचा करार 従量電灯B या प्रकारचा आहे, टोकियो इलेक्ट्रिक पॉवर म्हणजे टेपकोचा घरगुती वापराचा जुना, सरकारी मंजुरीनं ठरणारा दर. बिलावर 1段, 2段, 3段 अशा तीन ओळी दिसतात. त्यातल्या 段 या अक्षराचा अर्थच 'पायरी'. पहिली पायरी १२० युनिटपर्यंत, दुसरी तिथून ३०० पर्यंत, तिसरी ३०० च्या वर. एप्रिल २०२४ पासून या पायऱ्यांचे दर अनुक्रमे २९.८०, ३६.४० आणि ४०.४९ येन आहेत.

तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला म्हणून खालच्या पायऱ्या महाग होत नाहीत. ४१२ युनिटचे पहिले १२० युनिट २९.८० नेच लागले, त्याचे ३,५७६ येन. पुढचे १८० युनिट ३६.४० नं, ६,५५२ येन. उरलेले फक्त ११२ युनिट ४०.४९ नं, ४,५३४.८८ येन. तिन्ही मिळून १४,६६२.८८. सगळेच युनिट वरच्या दरानं लावले असते तर हीच रक्कम २,०१९ येननं जास्त झाली असती. आपल्याकडेही स्लॅब असेच लागतात, पण १०० युनिट ओलांडले की अख्खं बिल वरच्या दरानं येतं हा समज मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलाय, की तुम्हाला तशी शंका आली यात नवल नाही.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा वीज आकार पहिल्या शंभरच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून तिथे स्लॅब ओलांडणं जाणवतं. टोकियोत सर्वांत वरची पायरी सर्वांत खालच्या पायरीपेक्षा ३६ टक्क्यांनीच महाग आहे. ही चढण सौम्य आहे. शिवाय तिच्या विरुद्ध दिशेनं ओढणारी एक रक्कम बिलातच आहे, ती म्हणजे 基本料金, आपला 'स्थिर आकार'. तो युनिटवर नाही, मेन ब्रेकरच्या अँपिअरवर ठरतो. १० अँपिअरला महिन्याला ३११ येन ७५ सेन, आणि मुलीच्या बिलात १,२४७ येन आहेत, म्हणजे चौपट, म्हणजे ४० अँपिअरची जोडणी. नोव्हेंबरात हे १,२४७ येन १९६ युनिटांवर पसरले होते, युनिटमागे सहा येनांहून जास्त. जानेवारीत तेच ४१२ युनिटांवर पसरले, युनिटमागे तीन येन. वरच्या पायरीनं जे वाढवलं ते इथे परत आलं. एकूण बिल भागिले युनिट करून बघा. नोव्हेंबरात एक युनिट ३५ येन २० सेनला पडलं, जानेवारीत ३५ येन ३९ सेनला. फरक १९ सेनचा. बिल दुप्पट झालं ते युनिट दुप्पट झाले म्हणून. स्लॅबचा त्यात जवळजवळ वाटा नाही.

बेरीज पुरी करायची तर एक ओळ राहिली, 再エネ発電賦課金. सौर, पवन वगैरे विजेची खरेदी ठरलेल्या भावानं करण्यासाठी २०१२ पासून सगळ्या ग्राहकांकडून घेतला जाणारा हा अधिभार. तो वर्षातून एकदाच बदलतो आणि मे महिन्याच्या बिलापासून पुढच्या एप्रिलच्या बिलापर्यंत तोच राहतो. तुमच्या बिलात तो युनिटमागे ३.९८ येन आहे, जो मे २०२५ पासूनच्या वर्षाचा दर. त्याला पायऱ्या नाहीत, ४१२ गुणिले ३.९८ म्हणजे १,६३९.७६, आणि येनच्या खालचा भाग सोडून देऊन १,६३९. आता सगळं ओळीनं मांडलं की असं दिसतं:

```
१,२४७.०० + १४,६६२.८८ − २,९६६.४० + १,६३९ = १४,५८२.४८
```

पुन्हा येनच्या खालचं सोडलं की १४,५८२. बिल बरोबर आहे. तळाशी बारीक अक्षरांत うち消費税等相当額 असं लिहून १,३२५ येन दाखवलेत. ते मिळवू नका. सुरुवातीच्या うち चा अर्थ 'त्यापैकी', म्हणजे वरच्या रकमेतच १० टक्के उपभोग कर धरलेला आहे. छापलेले सगळे दर करासहितच आहेत.

मग युनिट खरंच दुप्पट झाले का, की मीटरनं जास्त दाखवले? इथे तुम्ही दोन फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. प्रत्येक बिलावर 当月指示数 म्हणजे चालू रीडिंग आणि 前月指示数 म्हणजे मागील रीडिंग असतं. जपानी बिलात चालू वर आणि मागील खाली असतं, आपल्या बिलासारखंच चालू वजा मागील. जानेवारीच्या बिलात चालू ८,४३७ आणि मागील ८,०२५, फरक ४१२, गुणक १. नोव्हेंबरच्या फोटोत कागदाला घडी पडली आहे, आणि चालू रीडिंगचा पहिला आकडा ७ आहे की १ हे कळत नाही. पण त्याची गरज नाही. पुढचे आकडे ७४१ स्वच्छ आहेत, आणि खालचं मागील रीडिंग ७,५४५ पूर्ण दिसतंय. ७,५४५ अधिक १९६ बरोबर ७,७४१. फोटो पुसट असला की मी आकडा डोळ्यांनी ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही, वजाबाकीनं काढते. ३ आणि ८, १ आणि ७ यांत डोळा फसतो, वजाबाकी फसत नाही.

आता डिसेंबरचं बिल तुमच्याकडे नसूनही तुम्ही ते वाचू शकता. नोव्हेंबर ७,७४१ वर संपला आणि जानेवारीचं बिल ८,०२५ वर सुरू झालं. मधले २८४ युनिट डिसेंबरच्या बिलाचे. म्हणजे १९६, २८४, ४१२ अशी चढती ओळ आहे. मीटर बिघडला किंवा बदलताना गोंधळ झाला तर वापर सहसा असा पायरीपायरीनं चढत नाही, एका महिन्यात उडी मारतो. शिवाय रीडिंगची साखळी कुठे तुटलेली दिसते, एका बिलाचं चालू पुढच्याचं मागील होत नाही. तुमच्याकडे साखळी सलग आहे. मुलीकडे डिसेंबरचं बिल सापडलं की फक्त एवढंच ताडून बघा, त्यावर २८४ आहेत ना.

दिवसही मोजा. नोव्हेंबरचं बिल १९ ऑक्टोबर ते १७ नोव्हेंबर, ३० दिवसांचं. जानेवारीचं १८ डिसेंबर ते १९ जानेवारी, ३३ दिवसांचं. रोजचा वापर साडेसहा युनिटवरून साडेबारा युनिटवर गेला. तीन जादा दिवसांचे सुमारे ३७ युनिट झाले, आणि ते सगळे वरच्या पायरीवर पडले. सूट आणि अधिभार धरून ते सुमारे १,३८० येन. पुढचं बिल कमी दिवसांचं आलं तर हे आपोआप वळतं होईल.

राहता राहिला रोजचा सहा युनिटचा फरक. टोकियोच्या डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान शून्याजवळ जातं, आणि तिथले भाड्याचे फ्लॅट बऱ्याचदा एकेरी काचेचे, उष्णता पटकन सोडणारे असतात. १,२०० वॉटचा साधा इलेक्ट्रिक हीटर पाच तास लावला की बरोबर सहा युनिट होतात. एसी तापवण्यासाठी वापरला तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून तेवढीच ऊब साधारण एकतृतीयांश विजेत देऊ शकतो. मुलीला एवढंच विचारा की खोलीत कोपऱ्यात तेल भरलेला किंवा तारेचा विजेचा हीटर आहे का. मी पाहिलेल्या वाढलेल्या हिवाळी बिलांत बहुतेक वेळा तो निघतो. पहिल्याच हिवाळ्यात आलेली मुलं एसीला थंडावा देणारं यंत्र समजतात आणि दुकानातून हीटर घेऊन येतात.

एवढ्यानंही शंका उरली तर मीटर तपासण्याची एक सोपी रीत आहे. टेपकोच्या भागात मीटर स्मार्ट आहेत, रीडिंग घ्यायला कोणी येत नाही, आणि दर अर्ध्या तासाचा वापर मीटर कळवतो. तो अर्ध्या तासाचा तक्ता ग्राहकाला कंपनीच्या खात्यात बघता येतो. मुलगी बाजारात जाताना घराचा मेन ब्रेकर तासा-दीड तासासाठी बंद करून जाऊ दे, वेळ लिहून ठेवू दे. फ्रीज एवढ्यात तापत नाही. काही दिवसांनी तक्त्यात त्या वेळेचे अर्ध्या तासाचे खाने शून्य दिसले पाहिजेत. शून्य नसतील तर तिच्या घरात वीज जात नसतानाही मीटर फिरतोय, म्हणजे एक तर मीटरमध्ये दोष, नाही तर तो मीटर तिच्या घराचा नाही.

दुसरी शक्यता ऐकायला विचित्र वाटते, पण ती मी अनुभवली आहे. आम्ही पूर्वी राहायचो त्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटचा आणि आमचा मीटर कागदोपत्री अदलाबदल झाले होते. आम्ही दिवाळीला तीन आठवडे गावी गेलो, परतलो तर बिल नेहमीएवढंच, कारण शेजारचे भाडेकरू तेव्हा घरीच होते. टोकियोच्या इमारतींत मीटर बहुतेक दाराशेजारच्या पाइपांच्या कपाटात असतो. तिथे जाऊन मीटरवरचा क्रमांक बिलावरच्या 計器番号 शी ताडला, फरक निघाला, आणि कंपनीला फोन केल्यावर दोन बिलांत जमाखर्च दुरुस्त झाला. मुलीलाही ताडायला पाच मिनिटं लागतील.

हे सगळे हिशोब टोकियो परिसरापुरते. तिची बदली ओसाकाला झाली तर तिथल्या जुन्या घरगुती दरात अँपिअरवर स्थिर आकार नाही, पहिल्या १५ युनिटांची एक किमान रक्कम असते आणि पायऱ्या त्यानंतर सुरू होतात. आणि २०१६ पासून घरगुती ग्राहकाला वीजकंपनी निवडता येते, तेव्हा घरमालकानं किंवा दलालानं दुसऱ्या कंपनीचा करार लावून दिला असेल तर पायऱ्याच नसतील असंही होतं. जुन्या मंजूर दरात इंधन समायोजन वर किती चढू शकतं याला मर्यादा आहे, खुल्या करारांत बहुधा ती नसते. म्हणून कोणाचंही बिल हातात आलं की मी सर्वांत आधी करार कोणता आहे ते बघते. मुलीच्या बिलावर 従量電灯B आहे, म्हणजे तिला ती मर्यादा लागू आहे.

खर्च कमी करायचा तर अँपिअर ४० वरून ३० वर आणता येतात, महिन्याला ३११ येन ७५ सेन वाचतात. पण एसी, मायक्रोवेव्ह आणि केस सुकवायचं यंत्र एकदम चालू झालं की ब्रेकर पडेल, आणि एकदा बदलल्यावर साधारण वर्षभर पुन्हा बदलून मिळत नाही. हिवाळ्यात तरी मी हे करणार नाही.

फोटो पुढे कोणाला पाठवताना बिलावरचा २२ अंकी क्रमांक झाका. टोकियोत तो ०३ नं सुरू होतो. तो तिच्या जोडणीची ओळख आहे आणि वीजकंपनी बदलण्याच्या अर्जात तोच मागतात.

आणि सप्टेंबरचं पहिलं बिल तिच्याकडे असेल तर तेही काढून बघा. महिन्याच्या मधे राहायला आलं की स्थिर आकाराबरोबर पायऱ्याही दिवसांच्या हिशोबानं लहान होतात. तीस दिवसांच्या काळातले पंधराच दिवस ती राहिली असेल, तर स्थिर आकार ६२३ येन ५० सेन लागेल, पण पहिली पायरी १२० ऐवजी ६० युनिटला संपेल आणि दुसरी १५० ला. त्या बिलात 1段 च्या ओळीत ६० च युनिट दिसले तर ती चूक समजू नका.